नेपाळला स्वयंसेवक म्हणून जायचंय? पैसे भरण्याआधी काय तपासायचं

'पंधरा दिवस पोखऱ्यात. सकाळी अनाथ मुलांना इंग्रजी शिकवा, दुपारी त्यांच्याशी खेळा, शनिवारी सारंगकोटवरून सूर्योदय बघा.' अशा मजकुराच्या जाहिराती मराठी तरुणांपर्यंतही पोहोचतात, आणि नेपाळ सोयीचंही वाटतं. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, हिंदी बऱ्याच जणांना समजतं, खर्च युरोप-आफ्रिकेच्या मानाने कमी. पण याच सोयीमुळे तपासणीची सगळी जबाबदारी जाणाऱ्यावर येते. तुम्ही कुणाच्या घरात, कुणाच्या मुलांमध्ये काम करायला चालला आहात हे सीमेवर कुणी विचारणार नाही. ते तुम्हालाच, मुंबई-पुण्यात बसून, पैसे भरण्याच्या आधी विचारायचं आहे.

हा लेख त्या तपासणीबद्दल आहे. तिला घाई न करता दोन-तीन महिने लागतात. म्हणून विमानाची तिकिटं सगळ्यात शेवटी काढायची.

पहिला निर्णय: बालगृहात जायचं नाही

हा सल्ला कडक वाटेल, म्हणून त्यामागचं कारण नीट सांगायला हवं.

१९९६ ते २००६ या काळात नेपाळमध्ये माओवादी संघर्ष चालू होता. हुम्ला आणि कर्णालीच्या इतर दुर्गम भागांत दलाल गावोगाव फिरत. 'मुलगा द्या, काठमांडूत चांगल्या बोर्डिंगमध्ये शिकवतो, इथे बंडखोर उचलून नेतील,' असं सांगून त्यांनी आईबापांकडून मुलं नेली. वर त्यासाठी पैसेही घेतले. शहरात आल्यावर यातली कित्येक मुलं कागदोपत्री अनाथ झाली. जिवंत बापाचा मृत्युदाखला तयार करणं ही त्या धंद्यातली नेहमीची पायरी होती. संघर्ष संपला तरी बालगृहं वाढत राहिली, कारण तोवर त्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं: परदेशी देणगीदार आणि स्वयंसेवक. २०१५ च्या भूकंपाच्या सुमारास युनिसेफने सांगितलं की नेपाळच्या बालगृहांतल्या किमान ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी हयात आहे. बालगृहंही गरीब डोंगरी जिल्ह्यांत नव्हती. त्यांची मोठी गर्दी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पर्यटकांच्या जिल्ह्यांत होती. पोखरा कास्कीत येतं. गरज जिथे आहे तिथे बालगृह नसून पर्यटक जिथे येतात तिथे असेल, तर ते कुणासाठी चाललंय हे वेगळं सांगायला नको.

यात स्वयंसेवकाचा वाटा कसा येतो? तो फी भरतो आणि त्यातला भाग बालगृहाला मिळतो. घरात मुलं जितकी जास्त आणि जितकी केविलवाणी, तितकी देणगी जास्त. मग मुलं घरी परत जाणं संचालकाला परवडत नाही. काही ठिकाणी मुलांना मुद्दाम फाटक्या कपड्यांत ठेवलं जातं, मिळालेली खेळणी पाहुणे गेले की काढून घेतली जातात. तुमचा हेतू स्वच्छ असला तरी तुमचा पैसा या साखळीत जातो. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पालकांविना राहणाऱ्या मुलांवर ठराव केला, त्यात अशा बालगृह-पर्यटनाचा धोका नमूद आहे. त्याआधी, २०१७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या संसदीय चौकशीने याला मुलांच्या तस्करीशी जोडलं होतं.

दुसरं नुकसान मुलाच्या मनाचं. दर पंधरा दिवसांनी नवा दादा, नवी ताई येते, जीव लावते आणि निघून जाते. बालगृहाच्या दारात पाऊल टाकताच अनोळखी माणसाला बिलगणारं मूल पाहून आपल्याला भरून येतं. घरात वाढलेलं चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस आला की आईच्या मागे लपतं. जे मूल कुणालाही बिलगतं, त्याच्यापाशी कायम टिकणारं माणूस राहिलेलं नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. तुमच्या पंधरा दिवसांनी ती जखम भरत नाही, तिच्यात एका निरोपाची भर पडते.

हे आपल्याकडेही लागू आहे. वाढदिवसाला केक घेऊन अनाथाश्रमात जाण्याची रीत पुण्या-मुंबईत रुजली आहे. त्यात प्रेम असतं, पण मुलांच्या वाट्याला दर आठवड्याला वेगळ्याच माणसाच्या वाढदिवसाच्या टाळ्या येतात. आपल्याकडच्या बाल न्याय कायद्यानुसार (२०१५) बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, मूल तिथे बालकल्याण समितीच्या आदेशाने येतं आणि त्याची ओळख उघड करायला मनाई आहे. ज्या संस्थेत दारावर कुणीही येऊन फोटो काढू शकतो, तिथे या तरतुदी पाळल्या जात नाहीत, एवढं तर दिसतंच.

म्हणून आमचा सल्ला असा: नेपाळमधलं काम निवडताना मुलांच्या निवासी संस्था यादीतूनच काढून टाका. शाळा, आरोग्य केंद्र, सहकारी संस्था, जंगल समिती, ग्रंथालय, असं बरंच काही उरतं.

दुसरी पायरी: आपल्याकडे खरोखर किती दिवस आहेत ते मोजा

जाहिरातीतले दिवस आणि कामाचे दिवस यात मोठी तफावत असते. समजा, पुण्यातल्या एका २७ वर्षांच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला १६ दिवसांची रजा मिळते. पुणे ते दिल्ली, दिल्ली ते काठमांडू आणि तिथून रस्त्याने पोखरा: काठमांडू-पोखरा अंतर २०० किलोमीटरच्या आसपास, पण रस्त्याच्या कामांमुळे आणि दरडींमुळे अख्खा दिवस त्यात जातो. जायला २ आणि यायला २ दिवस धरले की उरले १२. पहिला एक दिवस ओळख, सूचना, राहण्याची सोय यात जातो. उरले ११. शनिवार तिथे सुटीचा. दोन शनिवार वजा केले की उरले ९. शाळेत रोज प्रत्यक्ष ४ तास मिळाले, तरी सगळे मिळून ३६ तास.

३६ तासांत वर्गाला इंग्रजी शिकवता येत नाही. मुलांची नावं लक्षात येईपर्यंत निघायची वेळ होते. शिवाय अशा शाळांमध्ये नवा स्वयंसेवक आला की पुन्हा ए-बी-सी-डी, पुन्हा रंगांची नावं आणि पुन्हा तीच अभिनयगीतं सुरू होतात. तिसरीतल्या मुलाने 'हेड, शोल्डर्स' सहा वेळा गायलेलं असतं आणि त्याच्या पाठ्यपुस्तकातला धडा मात्र तसाच राहिलेला असतो. कायमच्या शिक्षकाचा तास घेऊन पाहुण्याला दिला जातो. त्याचं शिक्षकाला वाईट वाटतं, पण पाहुण्यासमोर तो बोलत नाही.

मुलांना थेट शिकवायचं असेल तर एक पूर्ण सत्र, म्हणजे किमान तीन महिने हाताशी हवेत, शिकवण्याचं प्रशिक्षण हवं आणि वर्गात स्थानिक शिक्षक सोबत हवा. एवढा वेळ नसेल तर जे काम माणसाच्या नात्यावर उभं नाही, किंवा जे काम मोठ्या माणसांना शिकवून मागे ठेवता येतं, तेच घ्यावं: हिशेबाची पद्धत लावून देणं, ग्रंथालयाची नोंद, शिक्षकांचं प्रशिक्षण, यंत्रांची दुरुस्ती. फक्त आठवडाभर असेल तर नेपाळला जाण्याचा खटाटोप करू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते. बाबा आमटेंनी सुरू केलेल्या या शिबिराची रचनाच आठवडाभराच्या श्रमदानासाठी आहे. तिथे कमी दिवसांमुळे कुणाचं नुकसान होत नाही.

तारखाही बघा. आपल्याला दिवाळीत रजा मिळते, आणि नेपाळमध्ये दसैं-तिहारच्या सुट्यांमुळे नेमक्या त्याच सुमारास शाळा बंद असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'शाळेत शिकवा' असा कार्यक्रम कुणी विकत असेल, तर वर्ग कुठले दाखवणार हे विचारा. नवं शैक्षणिक वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. पहिले काही दिवस प्रवेशात जातात. जून ते सप्टेंबर पावसाळा: डोंगरातल्या वाटा खचतात आणि नऊ दिवसांतले तीन दिवस सहज वाया जातात. मे किंवा फेब्रुवारी-मार्च त्यातल्या त्यात बरे. मात्र वर्षाच्या शेवटी परीक्षा असतात, म्हणून शाळेला विचारूनच तारीख ठरवावी.

तिसरी पायरी: मागणी कुणाची आहे?

दलाल संस्थेला, मग ती भारतातली असो की काठमांडूतली, एकच गोष्ट मागा: ज्या शाळेत किंवा गावात जायचं तिचं मागणीपत्र. नेपाळमध्ये २०१५ च्या संविधानानंतर शालेय शिक्षण गावपालिका-नगरपालिकांकडे आलं आहे आणि प्रत्येक सामुदायिक शाळेला विद्यालय व्यवस्थापन समिती असते. खरी गरज असेल तर मुख्याध्यापकाचं किंवा समितीचं चार ओळींचं पत्र मिळतं: आम्हाला अमुक विषयात मदत हवी, या महिन्यात, इतके दिवस, आमच्याकडून हा शिक्षक सोबत असेल. पत्र नेपाळीत चालेल. लिपी देवनागरी असल्यामुळे मराठी वाचणाऱ्याला त्याचा बराचसा अर्थ लागतो. इतर देशांच्या स्वयंसेवकांना ही सोय नाही, तिचा पुरेपूर उपयोग करा.

संस्थेचे कागदही त्यामुळे स्वतः वाचता येतात. नेपाळी संस्था जिल्हा प्रशासन कार्यालयात नोंदली जाते. नोंदणीला तिथे 'दर्ता' म्हणतात, तिचं वेळोवेळी 'नवीकरण' करावं लागतं. परदेशी मदत घेणाऱ्या संस्था समाज कल्याण परिषदेशी संलग्न असतात. तिन्ही कागदांच्या प्रती मागा आणि तारखा बघा. तारखा विक्रम संवतात असतात आणि आर्थिक वर्ष श्रावणाच्या सुरुवातीला, जुलैच्या मध्याला उलटतं. २०८१/८२ म्हणजे जुलै २०२४ ते जुलै २०२५. दर्ता दहा वर्षांपूर्वीची आणि नवीकरण चार वर्षांपूर्वी थांबलेलं असेल, तर पुढे जाऊ नका.

कागद बरोबर निघाले की शाळेशी थेट फोनवर बोला. दलाल संस्थेचा माणूस त्या फोनवर नको. हिंदीत बोलणं होतं. तीन प्रश्न पुरेसे आहेत. हे काम आत्ता कोण करतं? याआधी कोण स्वयंसेवक आले होते आणि ते गेल्यावर काय राहिलं? मी आलो नाही तर काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐका. 'काम थोडं लांबेल, आमचे सर आपापल्या परीने करतील,' हे चांगलं उत्तर. शाळा तुमच्यावर अवलंबून नाही, तुमची भर पडेल. 'तुम्ही आला नाहीत तर वर्गाला शिक्षकच नाही,' हे ऐकायला भावतं, पण ते वाईट उत्तर आहे. कायम शिक्षक नेमण्याऐवजी पाहुण्यांच्या रांगेवर वर्ग चालवला जातोय असा त्याचा अर्थ. बांधकामाचंही तसंच. कधी थापी न धरलेल्या माणसांनी रचलेली भिंत नंतर गवंडी उतरवून पुन्हा बांधतो. २०१५ चा भूकंप पाहिलेल्या देशात कच्चं बांधकाम म्हणजे जिवाशी खेळ. तुमच्या फीमधून गावातल्या दोन प्रशिक्षित गवंड्यांना महिनाभराची मजुरी दिली, तर भिंतही पक्की आणि पैसाही गावात.

चौथी पायरी: फी फोडून मागा

फी असणं यात गैर काही नाही. तुमचं जेवण, राहणं, वाहतूक आणि तुमच्यासाठी वेळ देणारा माणूस यांचा खर्च कुणीतरी करतोच. तुम्ही नाही भरला तर तो शाळेच्या किंवा यजमान कुटुंबाच्या माथी बसतो. त्यामुळे 'पूर्ण मोफत' दिसलं की तेवढ्यावर विश्वास टाकू नये. प्रश्न आहे तो कुठला रुपया कुठे जातो याचा.

वरच्या उदाहरणातल्या इंजिनिअरला दोन आठवड्यांची फी ६२,००० भारतीय रुपये सांगितली गेली असं समजू. तिने फोड मागितली. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, हा दर स्थिर आहे, त्यामुळे हिशेब सोपा. यजमान घरी राहणं-जेवण दिवसाला १,५०० नेपाळी रुपये, १४ दिवसांचे २१,०००, म्हणजे १३,१२५ भारतीय रुपये. नेणं-आणणं आणि सुरुवातीचा सूचनावर्ग ८,००० नेपाळी, म्हणजे ५,००० भारतीय. स्थानिक समन्वयकाचा मोबदला १६,००० नेपाळी, म्हणजे १०,०००. बेरीज झाली २८,१२५. उरले ३३,८७५. हे सगळे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रश्न खराच आहे: निम्म्याहून जास्त रक्कम कुठे गेली?

याला सरळ उत्तर असू शकतं: कार्यालयाचा खर्च, स्वयंसेवकांची निवड आणि प्रशिक्षण, शाळेला ठरलेली रक्कम. ते लेखी मिळालं आणि शाळेने फोनवर तीच रक्कम सांगितली, तर ठीक. दोन आकडे जुळले नाहीत तर थांबा. एक गोष्ट मात्र कुठल्याही स्पष्टीकरणाने चालवून घेऊ नये: रक्कम मुलांच्या डोक्यांवर ठरलेली असणं. 'दर मुलामागे महिन्याला इतके' असं गणित असलं की मुलं गोळा करण्यात कुणाचा तरी फायदा होतो, आणि आपण फिरून पहिल्या पायरीवर येतो.

पैसे संस्थेच्या बँक खात्यात भरा, संचालकाच्या वैयक्तिक खात्यात किंवा वॉलेटवर नाही. पावती घ्या. काम बदललं किंवा रद्द झालं तर परतावा किती, हे लेखी घ्या. तिकडे गेल्यावर 'शाळेला सुटी आहे, तोवर बालगृहात जा' असं सांगितलं जाण्याचा धोका असतो, आणि परताव्याची अट हातात नसेल तर माणूस नाइलाजाने जातो. प्रवास विमा फीमध्ये बहुधा नसतो. पॉलिसी घेताना स्वयंसेवी काम आणि अंगमेहनतीचं काम वगळलेलं आहे का ते वाचा, कारण ते वगळलेलं असेल तर शिडीवरून पडल्यावर दावा नाकारला जाऊ शकतो.

परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींसाठी वेगळी सूचना. अमेरिका-ब्रिटनमधून येणाऱ्यांना नेपाळच्या पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामालाही मुभा नाही. 'टुरिस्ट व्हिसा घ्या, विचारलं तर फिरायला आलोय सांगा,' असं जी संस्था शिकवते, ती इतर नियमही असेच पाळत असणार.

पाचवी पायरी: मुलांच्या सुरक्षेचे नियम, आणि ते तुमच्यावरही

शाळेत काम म्हणजे मुलं आसपास असणारच. म्हणून संस्थेचं बालसंरक्षण धोरण मागवून वाचा. दोन पानी असलं तरी चालेल, पण त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि फोन, मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटं न राहण्याचा नियम, फोटो आणि समाजमाध्यमांचे नियम, आणि स्वयंसेवकाची पूर्वतपासणी.

पूर्वतपासणी हीच खरी परीक्षा. चांगली संस्था तुम्हाला त्रास देते. ती ओळखीच्या दोन माणसांचे संदर्भ मागते, त्यांना खरोखर फोन करते, मुलाखत घेते, पोलिसांचा दाखला मागते. जी संस्था तासाभरात 'अभिनंदन, तुमची निवड झाली' असं कळवते आणि पुढचा प्रश्न टी-शर्टच्या मापाचा विचारते, तिने तुमच्यासारख्या भल्या माणसाला जसं घेतलं तसंच कुणालाही घेतलं असेल. मुलांना त्रास देणारी माणसं नेमकी अशीच दारं शोधत असतात.

पोलिसांच्या दाखल्याबाबत एक गोंधळ नेहमी होतो. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्र परदेशातली नोकरी, दीर्घ वास्तव्य किंवा स्थलांतर यासाठी असतं, पर्यटनासाठी ते दिलं जात नाही. आपल्याला उपयोगी पडतं ते स्थानिक पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. ठाण्यातून पडताळणी व्हायला वेळ लागतो, म्हणून निघण्याच्या किमान सहा आठवडे आधी अर्ज करा.

फोटोंचा नियम स्वतःपासून सुरू करा. मुलाचा चेहरा, नाव आणि शाळा एकत्र कधीच टाकू नका. 'पोखऱ्याजवळच्या अमुक शाळेतली ही गोड मुलगी' एवढ्या मजकुरावरून तिला शोधत कुणीही पोहोचू शकतं. आपल्या भाचीचा फोटो एखाद्या परक्या पाहुण्याने न विचारता टाकला तर आपण काय म्हणू, हा साधा निकष धरावा. मुलांना आपला नंबर देऊ नये, घरी बोलावू नये, खाऊ-भेटी वाटू नयेत. वह्या-पेन्सिली द्यायच्याच असतील तर पोखऱ्यातल्या दुकानातून घेऊन मुख्याध्यापकांकडे द्याव्यात. ते सगळ्यांना सारखं वाटतात, आणि रस्त्यावर हात पसरण्याची सवय लागत नाही.

नऊ दिवसांचं काम प्रत्यक्षात कसं दिसतं

त्या इंजिनिअरने बालगृहाचा कार्यक्रम सोडला आणि कास्कीतल्या एका डोंगरी सामुदायिक शाळेची मागणी स्वीकारली असं धरू. शाळेत देणगीत मिळालेले १२ संगणक, निम्मे बंद, इंटरनेट अधूनमधून, आणि एक गणिताचे सर जे संगणकही बघतात.

तिचं काम पुण्यातच सुरू होतं. सहा आठवड्यांत सरांशी तीन-चार व्हिडिओ कॉल होतात. सर प्रत्येक यंत्राचा फोटो पाठवतात. बंद सहांपैकी दोन चालूच होत नाहीत, चार दर वेळी तारीख विसरतात, म्हणजे मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी संपलेली असण्याची शक्यता. तिला पुण्यातून जुने लॅपटॉप गोळा करून न्यावेसे वाटतात. ते करू नये: सीमाशुल्काची कटकट होते आणि सुटे भाग बिघडले की तिथे मिळतीलच असं नाही. बॅटऱ्या आणि रॅम पोखऱ्यातच घ्यायचे, सरांना सोबत नेऊन, म्हणजे पुढच्या वेळी दुकान त्यांना माहीत असतं. अभ्यासाचं साहित्यही नव्याने बनवायचं नाही. ओपन लर्निंग एक्स्चेंज नेपाळ या काठमांडूच्या संस्थेचं ई-पुस्तकालय हे नेपाळी पुस्तकांचं डिजिटल ग्रंथालय आधीच आहे आणि ते इंटरनेटशिवायही शाळेत बसवता येतं. आपल्याआधी स्थानिक माणसांनी काय करून ठेवलंय हे शोधण्यात गेलेला वेळ कधीच वाया जात नाही.

पहिले दोन दिवस ती फक्त बघते. खोलीला कुलूप कधी लागतं, किल्ली कुणाकडे असते, वीज किती वाजता जाते. बहुतेक वेळा प्रयोगशाळा बंद असण्याचं कारण संगणकात नसून किल्लीत असतं: काही हरवलं तर भरून द्यावं लागेल या भीतीने खोली उघडलीच जात नाही. ते मुख्याध्यापकांशी बोलून सुटतं, आणि ते तिने नाही, सरांनी बोलायचं असतं. पुढचे पाच दिवस दुरुस्ती आणि दोन शिक्षकांचं प्रशिक्षण. नियम एकच: स्क्रू-ड्रायव्हर आणि माऊस सरांच्या हातात, तिच्या नाही. काम तिप्पट सावकाश होतं, आणि तसंच व्हायला हवं. शेवटचे दोन दिवस ती मागच्या बाकावर बसते आणि सर वर्ग घेतात. जे अडतं ते सर स्वतःच्या वहीत नेपाळीत लिहितात. ती वहीच कामाची, कारण इंग्रजीत सुबक छापलेली पुस्तिका कपाटात राहते.

१२ पैकी १० संगणक चालू झाले आणि दोन कायमचे बंद राहिले, तर दोघांचे भाग काढून ठेवायचे आणि तसं शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यायची. नाहीतर पुढच्या तपासणीत सरांवर ठपका येतो. परत आल्यावर तीन महिन्यांनी एक फोन करायचा, किती संगणक चालू आहेत एवढंच विचारायला. दहाचे चार झाले असतील तर का, हे समजून संस्थेला लिहून कळवायचं. पुढच्या माणसाला पाठवायचं की नाही हे त्यावर ठरावं.

तिथे गेल्यावर काही चुकीचं दिसलं तर

एवढी तपासणी करूनही शाळेच्या वसतिगृहात एखाद्या मुलाच्या अंगावर वळ दिसू शकतात, किंवा एखादी मुलगी सांगू शकते की माझी आई गावी आहे, पण मला जाऊ देत नाहीत. अशा वेळी संचालकाला तिथेच जाब विचारू नका. राग तुमच्यावर निघत नाही, तुम्ही गेल्यावर मुलावर निघतो. मुलाला खोदून खोदून विचारू नका, गुप्त ठेवण्याचं वचनही देऊ नका. जे पाहिलं-ऐकलं ते त्याच दिवशी तारीख-वेळेसह, मुलाच्या शब्दांत लिहून ठेवा. फोटो काढू नका. मग धोरणात नाव असलेल्या व्यक्तीला कळवा. ती व्यक्तीच संशयात असेल तर थेट १०९८ वर फोन करा. नेपाळची बाल हेल्पलाइन आणि आपली चाइल्डलाइन, दोन्हींचा क्रमांक हाच आहे. देशपातळीवर नेपाळची राष्ट्रिय बाल अधिकार परिषद हे काम बघते, तिथे लेखी तक्रार करता येते.

मुलाला स्वतः सोडवून गावी पोहोचवण्याचा विचार मनातही आणू नका. कुटुंब शोधणं, ते मुलाला सांभाळू शकतं का बघणं, आणि परत गेल्यावर दलाल पुन्हा येणार नाही याची काळजी घेणं हे कित्येक महिन्यांचं काम आहे. ते करणारे प्रशिक्षित लोक नेपाळमध्ये आहेत. त्यांना तुमच्या वहीतली तारीख, वेळ आणि मुलाचं वाक्य हवं असतं.